ब्लाउजच्या पेजवर साहेबांचा वाढदिवस

शिरूरला आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन गाळे, मध्ये दार. मागच्या गाळ्यात मशिनी आणि कापड ताणून त्यावर मोती-जरीचं आरीकाम करायची लाकडी फ्रेम, पुढच्या गाळ्यात गिऱ्हाईक, मोठा आरसा आणि पडद्याआड माप घ्यायची जागा. दुकान माझ्या थोरल्या जावेचं. कापणं, शिवणं, नक्षी काढून देणं, नवरीच्या आईची समजूत घालणं, सगळं तीच करते. मी लग्नाआधी दौंडला कॉम्प्युटर क्लासवर शिकवायचे, म्हणून दुकानाचं इन्स्टाग्राम पेज माझ्या गळ्यात पडलं. आमच्याकडे एक चाचीही आहेत. शिरूरच्याच, तीन पिढ्यांपासूनच्या. हूक, काजं, हातशिलाई हे त्यांचं काम, आणि बसल्या बसल्या एखाद्याची हवा काढणं हा त्यांचा छंद.

राहिले मोठे भाऊजी, म्हणजे जावेचे मालक. ते समाजकार्य करतात. समाजकार्य म्हणजे नेमकं काय, हे माझ्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही. सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर पडायचं आणि दुपारी जेवायला घरी यायचं. मधल्या वेळात ते होत असावं.

भाऊजींना आमच्या पुढच्या गाळ्यात संपर्क कार्यालय काढायचं होतं. एक टेबल, फिरती खुर्ची, मागं त्यांच्या गटाच्या पुढाऱ्याचा, म्हणजे साहेबांचा, मोठा फोटो, समोर आलेल्या माणसांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यांचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवरच कपडे बघतं, मग त्याला मोक्याचा गाळा अडवून ठेवायची गरज काय. जावेला त्याच गाळ्यात आणखी दोन फ्रेमा टाकायच्या होत्या. लग्नाच्या दिवसांत कामं अंगावर येतात आणि एका फ्रेमवर ती निघत नाहीत, म्हणून दरवर्षी ती हात जोडून बायकांना परत पाठवायची. परत पाठवल्यावर तिचा चेहरा असा व्हायचा की मला तिच्याकडे बघवायचं नाही.

गाळा सासऱ्यांच्या नावावर. आबा फार बोलत नाहीत. दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्या लग्नसराईपुरतं बघू. गिऱ्हाईक वाढलं तर फ्रेमा टाका. न्हाई वाढलं तर त्याला बसू द्या, घरात तरी बसायचा न्हाई."

म्हणजे जावेचा गाळा पेजवर अवलंबून, आणि पेज होतं भाऊजींच्या ताब्यात. पासवर्ड घरातल्या कर्त्या माणसाकडे असावा, असा त्यांचा आग्रह. मी ब्लाउज टाकायचे, ते शुभेच्छा टाकायचे. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाची फेरनिवड. झेंडूच्या फुलांची चौकट, मध्ये साहेब, खाली 'युवकांचे प्रेरणास्थान', आणि कोपऱ्यात हात जोडलेले भाऊजी, शुभेच्छुक. एखादी पोरगी लग्नाच्या ब्लाउजसाठी पेज उघडायची तर तिला दिसायचं ते असं: मोराच्या नक्षीचा पाठीमागचा गळा, मग साहेब, मोत्यांची बाही, मग गॉगल घातलेले साहेब, हिरवी पैठणी, मग साहेबांचे पुतणे.

मी क्लासवर असताना एक धडा शिकले होते, की जे आपण मोजत नाही त्यावर नुसती भांडणं होतात. म्हणून जावेला म्हटलं, दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आपलं दुकान बंदच असतं, तेव्हा पेजचा हिशोब बघत जाऊ. पैशाचा नव्हे, कामाचा. काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, काय डबल करायचं. दौंडहून माझा जुना पांढरा फळा आणला आणि त्यावर बंद, चालू, डबल असे तीन रकाने पाडले. जावेनं विचारलं, "एवढ्यासाठी फळा कशाला? तोंडानं सांग की." मी म्हटलं, तोंडानं सांगितलेलं या घरात जेवणाच्या ताटापर्यंत टिकत नाही.

नियमही ठरवले. एकेका पोस्टचा न्याय करायचा नाही, प्रकाराचा करायचा. एखादी रील नशिबानं उडते, एखादी चांगली असून पडते. एकीवरून काही कळत नाही. तयार ब्लाउज हा एक प्रकार, शिवताना दाखवलेलं हा दुसरा, मापाबद्दलची माहिती तिसरा, शुभेच्छा चौथा. प्रत्येक प्रकाराला किमान तीन महिने द्यायचे. आणि लाइक सगळ्यात शेवटी बघायचे. आधी बघायचं ते कुणी सेव्ह केलं, कुणी मैत्रिणीला पाठवलं, आणि ते बघून कुणी खरंच मेसेज केला. मेसेजसाठी सोय सोपी होती. बाई व्हॉट्सअ‍ॅपवर आली की विचारायचं, "काय बघून आलात?" बहुतेक जणी तीच रील परत पाठवून म्हणतात, "असं पाहिजे." मग त्या चॅटला मी त्या प्रकाराचं लेबल लावून ठेवायचे. महिनाअखेर लेबलं उघडली की कोण कुठून आलं ते समोर.

तीन महिन्यांची लेबलं जमली, आणि त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी आम्ही तिघी पुढच्या गाळ्यात सतरंजीवर बसलो. मीटिंग आहे हे कळल्यावर भाऊजी आपणहून आले. मीटिंग कशाचीही असो, त्यांना बोलावणं लागत नाही. गाळ्यातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसून म्हणाले, "चला, सुरू करा."

सुरुवात मी माझ्यापासूनच केली. मला फार आवडायच्या अशा माझ्या काही रील होत्या: सुईतून सोनेरी दोरा हळूहळू येतोय, मागं बासरी. मला वाटायचं कला आहे. लोक दोन सेकंदांत पुढं जात होते. तीन महिन्यांत त्यावरून एकही मेसेज नाही. चाची म्हणाल्या, "दोरा तो हमारे यहाँ भी दिसता है बेटा, त्याला बासरी कशाला?" बासरी बंद.

तयार ब्लाउज चालू. त्यावर बायका येत होत्या, फार नाहीत पण नेमानं.

मग आला मापाचा प्रकार, ज्यातली पहिली रील मी सहज टाकली होती. जावेची एक जुनी पद्धत आहे. नवरीचा ब्लाउज तयार झाला की ती तिला नुसता आरशात बघू देत नाही. समोर स्वतः उभी राहते, हातात हार देते आणि म्हणते, "घाल." आरीकामानं बाही जड होते, आतून आस्तर ताणतं, उभ्यानं फोटोत ब्लाउज झकास दिसतो आणि अंतरपाट दूर झाल्यावर हात खांद्याच्या वर जात नाही. मग नवरा वाकतो आणि व्हिडिओत सगळं वऱ्हाड हसतं. त्या रीलमध्ये जाऊ एका नवरीला हार घालायला लावते, हात अडतो, जाऊ काखेतली शिवण उसवून परत लावते आणि हात वर जातो. ना गाणं, ना झगमगाट. लाइक बेताचेच. पण या प्रकाराचे सेव्ह आणि शेअर बाकी सगळ्यांच्या वर, आणि आलेल्या मेसेजमधली बरीचशी लेबलं त्याच प्रकाराची. हा डबल.

आता शुभेच्छा. भाऊजी पुढं सरकले. "लाइक सांग आधी."

मी सांगितले. सगळ्यात जास्त.

"हा झाला लोकांचा कौल," भाऊजी म्हणाले. "हे डबल करा."

मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. लाइक करणारी दर वेळी तीच माणसं, बहुतेक सगळी पुरुष. सेव्ह एकही नाही. त्यावरून मेसेज एकच, तोही 'दादा, माझा पण वाढदिवस सोमवारी हाय' असा. नवे फॉलोअर आले होते खरे, पण ते ब्लाउजच्या रीलवर थांबत नव्हते. आणि आपलेच लोक न बघता पुढं ढकलत गेले की ती रील बाहेरच्या बायकांपर्यंत पोचायची मारामार होते.

"फॉलोअर वाढले की न्हाई?" भाऊजींनी विचारलं.

"वाढले. पण त्यातल्या कुणाला ब्लाउज शिवायचाय का?"

"शिवायला आलेच तर माप कोण घेणार ते आत्ताच ठरवा," चाची सुई न थांबवता म्हणाल्या.

जावेनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि 'बंद'च्या रकान्यात लिहिलं: शुभेच्छा. भाऊजी म्हणाले, अशी एकदम बंदी हुकूमशाहीत असते. जाऊ म्हणाली, "तीन महिन्यांचं समोर हाय. आणखी काय बघायचं?" मी तिथंच पासवर्ड बदलला आणि बाकीच्या मोबाइलमधून पेज काढून टाकलं. पासवर्ड कर्त्या माणसाकडे असावा हे जावेलाही पटलेलं होतं. तिनं तो स्वतःकडे घेतला.

इथवर आम्ही फार शहाण्या. पण त्याच महिन्यात साहेबांचा वाढदिवस होता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

साहेब दौंडकडचे. आमच्या भागात शुभेच्छा दिल्यानं काही घडत नाही, पण द्यायच्या राहिल्या की लगेच घडतं. कुणी दिल्या याची साहेब दखल घेत नाहीत. कुणी दिल्या नाहीत, याची दखल घ्यायला त्यांच्याकडे दोन पगारी माणसं आहेत. दरवर्षी ज्या पेजवर झेंडूची चौकट यायची, त्यावर त्या दिवशी काखेतली शिवण आली. संध्याकाळपर्यंत बातमी दौंडच्या वाटेवरच्या न्हावऱ्याच्या पुढं गेली, की शिरूरच्या या घरानं गट बदलला. भाऊजींना फोनवर फोन. ते प्रत्येकाला सांगत होते, "आवो, गट न्हाई बदलला, पासवर्ड बदललाय." ते कुणाला पटेना.

आणि साहेबांच्या मुलीचं लग्न होतं. हळदीचा, साखरपुड्याचा, लग्नाचा, रिसेप्शनचा, शिवाय आई-मावश्यांचे, असे सगळे ब्लाउज आमच्याकडे येणार, असं शब्दावर ठरलेलं होतं. एका घराचं काम, पण लग्नसराई त्यावर निघाली असती. वाढदिवसानंतर साहेबांच्या बंगल्यावरून एका माणसाचा फोन आला, "ताईंचं काम पुण्याला दिलंय." एवढंच बोलून त्यानं ठेवला.

जाऊ उठून मागच्या गाळ्यात गेली. दुपारभर मशीन चालवत राहिली आणि एकच बाही दोनदा उलटी जोडली. मला स्वतःचा फार राग आला. फळा मी आणला होता, नियम मी सांगितले होते, आणि गाळा जाणार होता तिचा.

दुसऱ्या महिन्याच्या मीटिंगला भाऊजी नवा शर्ट घालून आले. दुःख त्यांनी चेहऱ्यावर आणलं होतं, पण ते नीट बसलं नव्हतं. "बघितलं? मी सांगत हुतो. समाजकार्य असं सेव्ह-शेअरमधी मोजायचं नसतं. आता शुभेच्छा डबल करा. आन् साहेबांना उशिरा का हुईना, एक मोठी टाका. व्हिडिओवाली."

खरं सांगते, माझं मन डळमळलं. मी म्हटलं, "ताई, एक टाकून देऊ. एकीनं काय बिघडतंय."

जावेनं मोबाइल मागितला. आधी डबल केलेला प्रकार बघितला. डबल म्हणजे तीच रील दोनदा टाकणं नव्हे, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. प्रश्न तोच, बाजू दुसरी. म्हणून त्या महिन्यात आम्ही हिरवा चुडा भरल्यावर कोपरापर्यंतच्या बाहीचं काय होतं ते दाखवलं होतं, पाटावर मांडी घालून बसल्यावर पुढचा हूक कुठं ओढतो ते दाखवलं होतं. त्या लेबलाखाली मागच्या महिन्यापेक्षा जास्त नावं होती. रांजणगावची एक, सणसवाडीत भाड्यानं राहणाऱ्या दोघी, पाबळची एक, केडगावची एक. साहेबांएवढं मोठं काम एकाचंही नव्हतं, पण नावं खरी होती.

ते बघून झाल्यावर तिनं भाऊजींना विचारलं, "शुभेच्छा न्हाई टाकली म्हणून एक काम गेलं. बरोबर?"

"व्हय. मग?"

"मागं इतकी वर्षं टाकत होता. टाकली म्हणून किती आली?"

भाऊजी आठवू लागले. चाचींनी तेवढ्यात एक अख्खी ओळ हूक लावून संपवली.

"ते आता आकड्यात कसं सांगू," भाऊजी म्हणाले. "संबंध असतात."

"संबंध बंगल्यावर ठेवा," जाऊ म्हणाली. "पेजवर ब्लाउज."

'बंद'च्या रकान्यातलं तिनं पुसलं नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू घाबरू नगंस. नियम केला तर नीट तरी पाळू." मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं, आणि तिच्या मालकांच्या डोक्यात फळा घालावासाही वाटला. पैकी काहीच केलं नाही.

नंतरचे आठवडे वाईट गेले. भाऊजी मोजपट्टी घेऊन पुढच्या गाळ्यात यायचे आणि गिऱ्हाइकांसमोर टेबलाची जागा मापायचे. एकदा एका नवरीच्या आईला वाटलं हेच टेलर, आणि तिनं त्यांना गळा किती खोल ठेवणार ते विचारलं. त्यानंतर ते दोन दिवस आले नाहीत.

लग्नाचे दिवस तोंडावर आले, तेव्हा एका सकाळी मोठी गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत येणं तिला शक्य नव्हतं. एक मुलगी उतरली, बरोबर तिची मैत्रीण, हातात कपड्याची मोठी पिशवी. भाऊजी पुढच्या गाळ्यात खुर्चीवर चहा घेत बसले होते. मुलीला बघून ते इतक्या घाईनं उठले की बशी हातात आणि कप खुर्चीवर राहिला. साहेबांची मुलगी.

तिनं पिशवीतून लग्नाचा ब्लाउज काढला. काम सुंदर होतं, ते कबूल करायला हवं. पाठीवर पालखी, बाहीवर मोती गच्च. जावेनं तिला पडद्याआड घालायला लावला, बाहेर आल्यावर हातात हार दिला आणि समोर उभी राहिली. मुलीचा हात खांद्यापर्यंत आला आणि अडला.

"हेच," मुलगी म्हणाली. "त्यांची उंची माझ्यापेक्षा फार हाय. मी काय लग्नात स्टूल घेऊन उभी राहू? त्या पुण्यातल्या बाई म्हणाल्या, सवयीनं सैल होईल. लग्न काय मी सवय होईपर्यंत करणाराय?"

जावेनं शिवण उलटी करून बघितली. आत कापड थोडं सोडलेलं होतं. म्हणाली, "काखेत ह्याच कापडाचा छोटा तुकडा घालते, आस्तर मोकळं करते. मोत्यांना हात लावायला लागणार न्हाई. बाकीचे कुठायत?"

"बाकीचे अजून शिवायला टाकलेच न्हाईत. हा बघून भीती वाटली. सगळं कापड आणलंय."

भाऊजी आता सावरले होते. बशी बाजूला ठेवून त्यांनी हात जोडले. "ताई, साहेबांचं आपल्या दुकानावर पहिल्यापासून लक्ष हाय. त्यांनीच पाठवलं असंल तुम्हाला."

"पप्पांना माहितीच न्हाई," मुलगी म्हणाली. "हिनं मला हार घालायची रील पाठवली, म्हणून आले. तुमचं पेज मी आधी फॉलो करायची. मग काढून टाकलं."

"का वो?" जावेनं विचारलं.

मुलगी जरा संकोचली. "राग नका येऊ देऊ. घरात पप्पांचा फोटो, चौकात पप्पांचा फोटो, गाडीच्या काचेवर पप्पा. म्हटलं निवांत ब्लाउज बघावेत, तर तिथंबी पप्पाच. तेबी गॉगल घालून."

चाचींनी सुई तोंडात धरली होती, म्हणून त्यांना हसता आलं नाही. मी आत जाऊन हसून आले. जावेच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिनं टेप गळ्यात घातला आणि मुलीच्या मावश्यांची मापं कधी मिळतील ते विचारलं.

पुढच्या पहिल्या मंगळवारी आबा स्वतः आले. सतरंजीवर भिंतीला टेकून बसले. मी फळा दाखवला, लेबलं दाखवली. आबांनी ऐकून घेतलं, पण आकडे बघून त्यांचं समाधान होत नाही. त्यांनी मागच्या गाळ्यात जाऊन फ्रेमशेजारी पडलेल्या पिशव्या स्वतः हातानं हलवून बघितल्या आणि परत येऊन बसले.

भाऊजींनी घसा साफ केला. "आबा, माझं एवढंच म्हणणं हाय. शेवटी साहेबांच्या घरचं काम आलं ना? म्हंजी संपर्क झाला. मग संपर्काला जागा नको? हाच गाळा त्याला सोयीचा. साहेबांची पोरगी आली ती कुठं आली? हितंच आली. हितं कोण हुतं? मी हुतो."

आबांनी सुनेकडे बघितलं. जाऊ फळ्यापाशी पेन घेऊन उभी होती. आबांसमोर ती मालकांना उलट बोलत नाही. त्या दिवशीही आवाज चढवला नाही.

"व्हय, हुता," ती म्हणाली. "तिला रील कुणी पाठवली?"

"तिच्या मैत्रिणीनं."

"हात कशानं अडला ते कुणी बघितलं?"

"तू."

"मग तुम्ही काय करत हुता?"

भाऊजींनी आबांकडे बघितलं, चाचींकडे बघितलं, माझ्याकडेही बघितलं. शेवटी म्हणाले, "चहा घेत हुतो."

"मग तेवढा आता घरी घेत जावा," जाऊ म्हणाली. "त्या खुर्चीच्या जागी फ्रेम बसतीया."